नाळेत राहून आलेलं आतडं

गर्भधारणेनंतर सहावा आठवडा चालू असतो. भ्रूणाची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर असते आणि एवढ्यातच त्याच्या पोटात जागा अपुरी पडू लागते. यकृत झपाट्याने वाढून वरची बहुतेक जागा व्यापतं. आतडं तर उरलेल्या शरीराला मागे टाकून लांब होत असतं. पोटात मावेना म्हणून ते बेंबीच्या छिद्रातून बाहेर पडतं आणि नाळेच्या मुळाशी असलेल्या पोकळीत जाऊन राहतं. तिथे ते सुमारे महिनाभर वाढतं आणि दहाव्या आठवड्याच्या सुमाराला परत आत येतं. तुमचं, माझं, प्रत्येकाचं आतडं असं बाहेर राहून आलेलं आहे.

हे सगळं आतडं नव्हे, त्याचा मधला भाग. पित्तनलिका जिथे उघडते तिथून पुढचं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा बराच भाग यांचा तो मिळून बनलेला असतो. भ्रूणशास्त्रात त्याला मध्यांत्र म्हणतात. या सगळ्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच असते. आतड्याचा लांब वेढा या धमनीभोवती असतो. वेढ्याचा वरचा हात पुढे लहान आतडं होतो आणि खालच्या हाताच्या बऱ्याच भागाचं मोठं आतडं होतं. ही धमनी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

आपण भ्रूणाकडे समोरून पाहत आहोत असं धरू. नाळेत शिरताना हा वेढा धमनीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा घेतो, म्हणजे ९० अंश. वरचा हात बाळाच्या उजवीकडे जातो, खालचा डावीकडे. परत येताना त्याच दिशेने आणखी अर्धा फेरा होतो, म्हणजे १८० अंश. आधी लहान आतडं आत शिरतं आणि धमनीच्या मागून डावीकडे सरकतं. मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक, म्हणजे अपेंडिक्स जिथे असतं तो भाग, सगळ्यात शेवटी येतो. तो धमनीच्या पुढून उजवीकडे जातो, आधी यकृताखाली थांबतो आणि मग हळूहळू खाली उतरतो. एकूण फेरा २७० अंशांचा. त्याचा पुरावा मोठ्या माणसाच्या पोटातही कायम असतो: लहान आतड्याचा पहिला भाग धमनीच्या मागून जातो आणि मोठं आतडं तिच्या पुढून.

हे अंशांचं गणित समजून घ्यायला सोयीचं आहे, पण प्रत्यक्षात आतडं चाकासारखं फिरतं असं चित्र डोळ्यांसमोर आणू नये. उंदरांच्या भ्रूणांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना फिरण्यापेक्षा वाढ महत्त्वाची दिसली. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वेगाने लांब होतो आणि जागा शोधत धमनीखालून पलीकडे ढकलला जातो. सुरुवातीचा कल कुठून मिळतो, हे कोंबडीच्या भ्रूणांत सापडलं आहे. आतड्याला पाठीच्या भिंतीशी जोडणारा एक पडदा असतो. त्याच्या डाव्या बाजूच्या पेशी दाटीने एकवटतात आणि उजव्या बाजूच्या पांगतात, त्यामुळे पडदा तिरपा होतो आणि आतडं डावीकडे कलतं. डाव्या बाजूला हे घडवून आणणारं एक जनुक पिट्क्स-२ या नावाने ओळखलं जातं. शरीराची डावी-उजवी बाजू ठरण्यातच गोंधळ झालेल्या बाळांमध्ये, ज्यांच्या हृदयातही अनेकदा दोष असतात, आतड्याची मांडणी वारंवार चुकलेली का आढळते, हे यावरून उमगतं.

पडद्याचा उल्लेख आला तो जरा सविस्तर पाहू, कारण माझ्या मते या विषयाचं मर्म फिरण्यात नाही, या पडद्यात आहे. डॉक्टर त्याला मेसेन्टरी म्हणतात. रक्तवाहिन्या त्याच्यातूनच आतड्यापर्यंत पोहोचतात. फिरणं नीट पार पडलं की मेसेन्टरीचं एक टोक पोटात डावीकडे वर पक्कं होतं आणि दुसरं उजवीकडे खाली. मोठ्या माणसात या दोन टोकांमधलं अंतर सुमारे १५ सेंटिमीटर असतं आणि त्या तिरक्या रेषेवर काही मीटर लांबीचं लहान आतडं तोललेलं असतं. दोरीवर धोतर पसरून दोन्ही टोकांना चिमटे लावले तर वारा ते हलवतो, पण गुंडाळू शकत नाही. तेच धोतर मधोमध धरून एकाच चिमट्याने टांगलं तर वाऱ्यासरशी त्याला पीळ पडतो.

मालरोटेशनमध्ये नेमकं हेच होतं. फेरा अर्धवट राहतो, दोन्ही टोकं जवळजवळ येतात आणि सगळं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबतं. त्या देठातच ती धमनी असते. देठाला पीळ पडला की आतडंही बंद होतं आणि रक्तही. याशिवाय मोठ्या आतड्याचं टोक वरच अडकलेलं असतं. त्याला पोटाच्या भिंतीशी बांधणारे तंतूंचे पट्टे लहान आतड्याच्या सुरुवातीवरून आडवे जातात आणि त्याला दाबतात.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं बाळ. पहिल्या दिवशी काळी शी झाली, दूध नीट ओढत होतं, आईबाळाला घरी सोडलं. पाचव्या दिवशी बाळ उलटी करतं आणि ती हिरवी असते. घरात कुणी म्हणतं, दूध काढलं असेल. कुणी म्हणतं, पित्त झालंय, घुटीचं एक बोट चाटवा. बाळाने दूध काढलं तर ते पांढरं असतं, फार तर फाटलेलं. हिरवा रंग पित्ताचा असतो, आणि तो दिसला म्हणजे पित्तनलिकेच्या पुढे कुठेतरी वाट बंद झाली असण्याची शक्यता असते. नवजात बाळाची हिरवी उलटी ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आतड्याचा पीळच समजायची, असं बालशल्यचिकित्सक शिकवतात. अशा प्रत्येक बाळाला पीळ असतोच असं नाही. पण ज्याला असतो त्याचं आतडं काही तासांत मरू शकतं.

फसवणारी गोष्ट म्हणजे बाळाचं पोट या वेळी मऊ आणि सपाट असतं. अडथळा अगदी वर असल्याने पोट फुगायला खाली हवाच पोहोचत नाही. साधा एक्स-रे जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. पोट फुगणं, शीत रक्त येणं, बाळ निपचित पडणं ही उशिराची लक्षणं आहेत. तोवर आतड्याचं नुकसान सुरू झालेलं असतं.

रुग्णालयात तोंडाने दूध देणं थांबवतात, पोटात नळी आणि शिरेतून सलाइन सुरू करतात. सोनोग्राफीत ती धमनी आणि तिच्या शेजारची मोठी शीर पाहतात. एरवी शीर धमनीच्या उजवीकडे असते. पीळ पडला असेल तर शीर आणि आतडं धमनीभोवती भोवऱ्यासारखं गुंडाळलेलं दिसतं. खात्रीची मानली गेलेली तपासणी वेगळी आहे. बाळाच्या पोटात एक्स-रेवर दिसणारं औषध सोडतात आणि लहान आतड्याचं पहिलं वळण कुठे आहे ते पाहतात. ते मणक्याच्या डावीकडे, जठराच्या तोंडाच्या उंचीपर्यंत चढलेलं असायला हवं. ते उजवीकडे किंवा खाली राहिलं असेल तर आतडं नीट फिरलेलं नाही. औषध स्क्रूसारखी वळणं घेत खाली उतरत असेल तर पीळही पडला आहे. बाळाची तब्येत झपाट्याने ढासळत असेल तर मात्र तपासण्यांत वेळ न घालवता थेट ऑपरेशन करतात.

हे ऑपरेशन बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी ते १९३६ मध्ये सविस्तर मांडलं. सगळं आतडं बाहेर काढून पीळ सोडवतात. तो बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने पडलेला असतो, म्हणून उलट दिशेने फिरवायचं. मग ऊबदार ओल्या कापडात आतडं गुंडाळून थांबतात आणि काळंनिळं झालेलं आतडं गुलाबी होतं का ते पाहतात. पुढे लॅड यांची खरी भर येते. नुसता पीळ सोडवून भागत नाही. आडवे पट्टे कापून मेसेन्टरीचा आखडलेला पाया पसरवून रुंद करावा लागतो. शेवटी लहान आतडं सगळं उजवीकडे आणि मोठं सगळं डावीकडे ठेवतात. म्हणजे निसर्गाचा राहिलेला फेरा डॉक्टर पूर्ण करत नाहीत. उलट आतडं पाव फेऱ्यावरच्या जागी परत नेऊन ठेवतात. आईवडिलांना हे ऐकून नवल वाटतं. पण उपाय योग्यच आहे, कारण आतडं कोणत्या बाजूला आहे याने पचन बिघडत नाही. घात होतो तो पाया अरुंद राहिल्याने. मोठं आतडं आता डावीकडे असल्याने पुढे अपेंडिक्सचं दुखणंही डावीकडे येईल आणि निदान चुकेल, म्हणून बहुतेकदा अपेंडिक्स त्याच वेळी काढून टाकतात.

आतडं गुलाबी झालंच नाही, तर निर्णय फार अवघड होतो. जे शंकास्पद आहे ते तसंच ठेवून पोट तात्पुरतं बंद करतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा असतो. आतडं फारच थोडं उरलं तर बाळाला महिनोन् महिने शिरेतून पोषण द्यावं लागतं.

कधी कधी आतडं परतच येत नाही. बाळ जन्मतं तेव्हा नाळेच्या मुळाशी पारदर्शक पिशवी असते आणि तिच्यात आतडी दिसतात. याला ओम्फॅलोसील म्हणतात. पिशवी मोठी असली तर तिच्यात यकृतही असतं, आणि तिथे ‘परत येणं राहून गेलं’ हा खुलासा अपुरा पडतो, कारण यकृत एरवी नाळेत जातच नाही. अशा बाळांत पोटाच्या भिंतीची घडीच नीट जुळलेली नसते. ओम्फॅलोसीलबरोबर हृदयाचे आणि गुणसूत्रांचे दोष बऱ्याचदा असतात, म्हणून सोनोग्राफीत ते दिसलं की पुढच्या तपासण्या सुचवतात. गॅस्ट्रोस्कायसिस दिसायला सारखं वाटलं तरी निराळं आहे. त्यात नाळ जागेवर असते, तिच्या बाजूला, बहुधा उजवीकडे, भिंतीत छिद्र असतं आणि आतडं कोणत्याही आवरणाशिवाय गर्भजलात तरंगतं. त्यामुळे ते सुजून जाड होतं, पण गुणसूत्रांचा दोष सहसा नसतो. दोन्हींत आतडं नेहमीसारखं फिरून पक्कं बसलेलं नसतं.

सोनोग्राफीच्या अहवालातले आठवडे वाचताना एक फरक ध्यानात घ्यावा. भ्रूणशास्त्र गर्भधारणेपासून मोजतं आणि डॉक्टर शेवटच्या पाळीपासून, म्हणजे दोन आठवडे जास्त. त्यामुळे अहवालात नऊ-दहा आठवडे लिहिलेले असताना आतडं नाळेत दिसलं तर तो दोष नसतो, ती त्याची तिथे असण्याचीच वेळ असते. बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत आतड्यापुरतं ओम्फॅलोसीलचं निदान करत नाहीत.

आणि पुष्कळ बाळांची बेंबी रडताना फुगते, ते यातलं काहीच नव्हे. तिथे आतडं वेळेवर परतलेलं असतं, फक्त बेंबीचं कडं जरा सैल राहिलेलं असतं आणि वर त्वचा शाबूत असते. बहुतेक मुलांत ते चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप आवळतं. त्यावर नाणं बांधल्याने ते लवकर बुजत नाही, खालची त्वचा मात्र सोलवटते. फुगवटा कडक झाला, दाबून आत जाईना किंवा बाळ उलट्या करू लागलं, तरच ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं लागतं.