"एक बटन तं टाकाचं हाय": चालू कामात वाढीव मागणी आली की काय उत्तर द्यायचं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: काम अर्ध्यावर असताना क्लायंट नवीन गोष्टी मागतो, त्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटलं की आपण मरतो. मग करायचं काय? आज त्यावरच बोललो. बोलण्यातले अडखळे काढून ते इथे लिहून ठेवतोय.

आधी माझी चूक सांगतो. बीटेक झाल्यावर पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, मग वाशिमला परत आलो. इथलं पहिलं मोठं काम एका दुकानदाराचं होतं. त्यांनी प्रत्येक वेळी "एवढंसंच" म्हणून काहीतरी मागितलं आणि मी प्रत्येक वेळी "होऊन जाईल" म्हणालो. शेवटी मोजलं तर नऊ बदल आणि बावीस दिवसांचं काम फुकट गेलं होतं. डिलिव्हरी दोन महिने लांबली आणि शेवटचा हप्ता "उशीर केला" म्हणून अडकला. खरं सांगायचं तर त्यांचा दोष कमीच होता. "होऊन जाईल" या दोन शब्दांत पैसे किती आणि तारीख कोणती, हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

आता दुसरी केस, जी नीट झाली. क्लायंट वाशिमच्या बाजारातले आडते. सोयाबीन आणि तुरीचा व्यवहार. शेतकऱ्याची नोंद, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा करून पट्टी छापणं आणि खरेदीदारांची उधारी, एवढं सॉफ्टवेअर ठरलं होतं. 30 दिवसांचं काम, दिवसाला 4,000 रुपये, एकूण 1,20,000. सुरुवात 18 ऑगस्ट, डिलिव्हरी 20 सप्टेंबर. ही तारीख उगाच नव्हती. सप्टेंबरच्या शेवटापासून नवीन सोयाबीन यायला लागतं आणि दसऱ्याच्या पुढे यार्डात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत नवीन सॉफ्टवेअर शिकायला कोणाला वेळ आहे?

बारा दिवसांचं काम झालं आणि व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट आली. "बापू, चार बारीकसारीक गोष्टी हायेत. पट्टीत एक रुपयाचा फरक येऊन राहिला, तो पाहून घे. पट्टी झाली की शेतकऱ्याले मेसेज गेला पाह्यजे. काट्याचं वजन आपोआप आलं पाह्यजे. अन् रिसोडले दुसरं दुकान टाकतो, तेही याच्यातच दिसू दे. काही लागते काय त्यात? एक बटन तं टाकाचं हाय."

लगेच हो नाही, लगेच नाहीही नाही

मी तेव्हा एवढंच लिहिलं: "भाऊ, चारही गोष्टी लिहून घेतल्या. कोणत्या गोष्टीला किती दिवस आणि किती पैसे लागतील ते परवा संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो. तोपर्यंत ठरलेलं काम चालूच आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसलं की क्लायंटला वाटतं नवीन काम सुरू झालं, आणि जुनं कुठे थांबलं ते कोणालाच कळत नाही.

मग चार गोष्टी वेगळ्या केल्या. एक रुपयाचा फरक ही माझी चूक होती. मी हमाली आणि तोलाई वेगवेगळी रुपयात पूर्ण करत होतो आणि शेवटी बेरीजही पूर्ण करत होतो, म्हणून कधी कधी रुपया इकडचा तिकडे होई. ते दुरुस्त करायचं, पैसे मागायचे नाहीत आणि हे उत्तरात सगळ्यात वर लिहायचं. आपली चूक आपण आधी कबूल केली की पुढचं बोलणं समोरचा माणूस ऐकतो. बाकी तिन्ही गोष्टी मूळ यादीत नव्हत्या. त्या बदलाच्या मागण्या, म्हणजे आपण ज्याला चेंज रिक्वेस्ट म्हणतो त्या.

बटन एक, काम किती

दुसऱ्या दुकानाचं बघू, कारण गंमत तिथेच आहे. क्लायंटला दिसतं की वर एक यादी येईल, "वाशिम" किंवा "रिसोड" निवडायचं. डेटाबेसमध्येही सुरुवात एका ओळीची:

```sql
ALTER TABLE patti ADD COLUMN shop_id INT NOT NULL DEFAULT 1;
```

पण मग पट्टी क्रमांक? दोन्ही दुकानांत 1 नंबरची पट्टी निघणार, म्हणजे क्रमांक दुहेरी नसावा हा नियम दुकानानुसार बदलायचा. रिसोडच्या मुनीमला वाशिमची उधारी दिसू द्यायची का? एकाच खरेदीदाराने दोन्हीकडे माल घेतला तर त्याचं खातं एक की दोन? रिसोडला नेट गेलं तर पट्टी छापायची की थांबायचं? यातला प्रत्येक प्रश्न तयार झालेल्या स्क्रीनना आणि रिपोर्टना हात लावतो. मी केलेल्या बारा दिवसांपैकी तीन दिवसांचं काम परत उघडावं लागणार होतं. ते उत्तरात वेगळं लिहिलं, कारण नवीन कामाचे पैसे लोक समजून घेतात, झालेलं काम परत करण्याचे मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

अंदाज काढताना मी एक आकडा धरत नाही, तीन धरतो: सगळं सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं गेलं तर, आणि सगळं बिघडलं तर. मधल्याला चारपट वजन देऊन सरासरी:

```
(कमी + 4 × नेहमीचे + जास्त) / 6

दुसरं दुकान : (6 + 4×8 + 16) / 6 = 9 दिवस
वजनकाटा     : (2 + 4×3 + 10) / 6 = 4 दिवस
एसएमएस      : (1 + 4×2 + 3) / 6  = 2 दिवस
```

काट्याचा वरचा आकडा दहा का? काटा संगणकाला जोडता येतो, पण तो वजन कोणत्या स्वरूपात पाठवतो ते कंपनीनुसार बदलतं. शिवाय पोतं ठेवल्यावर आकडा काही क्षण हलत राहतो. हलता आकडा पकडला तर पट्टीच चुकेल, म्हणून सलग काही वेळा तेच वजन आलं तरच घ्यायचं. काटा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय याचा नेमका आकडा देणं म्हणजे ठोकताळा. कमी आणि जास्त यांत एवढं अंतर दिसलं की समजा, तिथे आपल्याला अजून माहिती नाही.

एसएमएसमध्ये कोड कमी आणि वाट पाहणं जास्त. ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्याला डीएलटीवर नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. ही नोंदणी आडत्यांच्या नावाने, त्यांच्या कागदपत्रांवर. ती माझ्या हातात नाही, म्हणून तिची तारीख मी देत नाही.

तिन्हींची बेरीज 15 दिवस. त्यात आधी झालेलं सगळं परत तपासायला 2. असे 17 दिवस, 68,000 रुपये.

मी पाठवलेलं उत्तर

नुसतं "68,000 वाढतील" असं पाठवलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून निवड त्यांच्यापुढे ठेवली:

"भाऊ, नमस्कार. पट्टीतला एक रुपयाचा फरक ही माझी चूक आहे, उद्या दुरुस्त होईल, त्याचे पैसे नाहीत. बाकी तीन गोष्टी आपल्या ठरलेल्या यादीत नव्हत्या. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला: सगळं आत्ताच. 17 दिवस वाढतील, एकूण 1,88,000 रुपये, डिलिव्हरी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन आवकेत.

दुसरा: ठरलेलं काम 20 सप्टेंबरलाच. तिन्ही गोष्टी हंगाम संपल्यावर, तेव्हा नवीन अंदाज देईन.

तिसरा: अदलाबदल. गोदामातल्या मालाचा रिपोर्ट 4 दिवसांचा आहे आणि अजून सुरू केलेला नाही. तो पुढे ढकलला तर त्या जागी काटा बसतो, पैसे आणि तारीख तीच. अट एवढीच की आधी अर्धा दिवस तुमच्या काट्यावर चाचणी घेईन. जमलं नाही तर वजन हातानेच टाकावं लागेल.

दुसरं दुकान नंतर करायचं असेल तरी त्याची जागा डेटाबेसमध्ये आत्ताच करून ठेवू, 1 दिवस. हंगामाच्या हजारो पट्ट्या भरल्यावर तेच काम जोखमीचं होईल.

हा अंदाज शुक्रवारपर्यंतचा आहे. जसजसं काम पुढे जाईल तसतसं बदलणं महाग होत जाईल. जो मार्ग हवा तो 'मंजूर' असं लिहून कळवा. वाढीव रकमेतले अर्धे सुरुवातीला."

फोन आलाच. "काऊन रे, अजून एक पोरगा लाव ना, लवकर होईल." याचं उत्तर फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 सालच्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये देऊन ठेवलंय: उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते अजून उशिरा होतं, कारण नव्याला समजावण्यात जुन्याचे दिवस जातात. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: "भाऊ, ऐन गर्दीत नवीन मुनीम ठेवला तर पहिले आठ दिवस तुम्ही पट्ट्या करता का त्याला शिकवता?" ते हसले, आणि विषय संपला.

लेखी 'मंजूर' का? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 नुसार दोन्ही पक्षांच्या संमतीने करार बदलता येतो. तोंडी संमतीही चालते, पण सहा महिन्यांनी ती सिद्ध कोण करणार? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार बाद होत नाही. म्हणजे "मंजूर" हा साधा मेसेजही कामाचा. व्हॉइस नोट आली तर मी तीच गोष्ट लिहून परत पाठवतो आणि त्यावर होकार घेतो.

शेवटी काय झालं

त्यांनी मिसळ केली. रिपोर्ट बाहेर, काटा आत. दुसऱ्या दुकानाची नुसती जागा, 1 दिवस. एसएमएस, 2 दिवस. वाढ 3 दिवस आणि 12,000, एकूण 1,32,000, नवीन तारीख 24 सप्टेंबर. काट्याची चाचणी पहिल्याच दुपारी जमली. डीएलटीची मंजुरी मात्र रखडली आणि मेसेज ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. तेव्हा फोनवर आवाज चढला होता, खोटं कशाला बोलू. पण ती जबाबदारी कोणाची हे लिहिलेलं होतं, त्यामुळे पैसे अडकले नाहीत. पट्ट्या तर दसऱ्याच्या आधीच छापायला लागल्या होत्या.

रिसोडचं दुकान हंगामानंतर निघालं. त्याचा नवीन अंदाज नऊ नाही, अकरा दिवसांचा आला, कारण तोवर त्यांनी दोन्ही दुकानांची उधारी एका खात्यात मागितली होती. तो कागदही लिहूनच गेला.

पुढच्या भागात एका श्रोत्याच्या प्रश्नावर बोलू: अंदाजच आपला चुकला असेल, क्लायंटचा काही दोष नसेल, तर पैसे कोणी सोसायचे? तोवर भेटू.