तेरा गुणांचं अंतर चारवर

बास्केटबॉलमध्ये विल्ट चेंबरलेनने 1961-62 च्या हंगामात सामन्यामागे सरासरी 50.4 गुण केले. मायकेल जॉर्डनचा सर्वोत्तम हंगाम 1986-87 चा, सरासरी 37.1. म्हणजे तेरा गुणांचा फरक. पण एनबीएचा सामना 48 मिनिटांचा असतो आणि चेंबरलेन त्या हंगामात सरासरी 48.5 मिनिटं खेळला! जादा वेळेत गेलेल्या सामन्यांमुळे हा आकडा 48 च्या वर गेला. तो बाकावर जवळजवळ बसलाच नाही. जॉर्डन 40 मिनिटं खेळायचा.

आता गुणांना मिनिटांनी भागून 36 ने गुणा. चेंबरलेनचे होतात 37.4, जॉर्डनचे 33.4. अंतर चारवर आलं. त्यातही चेंबरलेनच्या काळी खेळ फार वेगवान होता, बास्केटवर नेम धरायची संधी जास्त मिळायची. तो हिशेब मिनिटांत येत नाही.

मात्र ही पद्धत थोडा वेळ खेळणाऱ्याला लावताना मला धास्ती वाटते. पाच मिनिटांत चार गुण करणारा कागदावर 36 मिनिटांत 29 गुणांचा होतो. पण तो दमलेल्या, राखीव खेळाडूंसमोर उतरलेला असू शकतो. म्हणून आधी एकूण मिनिटं पाहावीत.