पहाटे सव्वापाचचे पाणी

‘गेल्या काही दिवसांपासून आमच्याकडे अत्यंत घाण व कमी दाबाने पाणी येत आहे, तरी त्वरित कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ पाणीपुरवठा विभागाच्या आवक खिडकीवर असे अर्ज रोज पडतात. त्यात खोटे काही नसते, पण कनिष्ठ अभियंत्याला धरता येईल असेही काही नसते. ‘काही दिवस’ म्हणजे कधीपासून? घाण म्हणजे गढूळ, पिवळसर, की गटाराच्या वासाचे? पाणी नळाचे होते की गच्चीवरच्या टाकीतले? माणूस दुपारी येतो, तेव्हा पुरवठा बंद असतो. तो टाकीतल्या पाण्याकडे पाहतो, ‘टाकी धुऊन घ्या’ असे सांगतो आणि तक्रार निकाली निघते.

घाण पाणी आणि कमी दाब या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, असे लोकांना वाटते. बहुतेकदा त्या एकाच फटीतून आलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच सुटते. पाणी चालू असते तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या घाणीला आत येऊ देत नाही. उलट फुटक्या सांध्यातून पाणीच बाहेर झिरपते. व्हॉल्व्ह बंद झाला की नळी रिकामी होत जाते, आत ओढ तयार होते आणि शेजारून गटार वाहत असेल तर त्यातले पाणी त्याच सांध्यातून आत शिरते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सगळ्यात आधी घरात येते. दाब मुळातच कमी असला की लोक थेट नळाला मोटार लावतात आणि ही ओढ आणखी वाढते.

म्हणूनच घाण पाणी किती वेळ येते, याला महत्त्व आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटे वास येऊन मग पाणी स्वच्छ होत असेल, तर गळती बहुधा जवळपास असते. पूर्ण वेळ आणि गल्लीतल्या सगळ्यांकडेच तसे येत असेल, तर मुख्य जलवाहिनीकडे पाहावे लागते. एकाच इमारतीत येत असेल, तर मुख्य वाहिनीपासून इमारतीपर्यंत आलेल्या नळजोडावर संशय घ्यावा. हा तुकडा अनेक ठिकाणी ग्राहकानेच दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे पत्र लिहिण्याआधी शेजारच्या दोन इमारतींत विचारून यावे.

नमुना म्हणून 18 बिऱ्हाडांची, साधारण 72 माणसांची एक सोसायटी घेऊ. पाणी पहाटे 5 ते 7 येते. 4 जूनला गल्लीत ड्रेनेजच्या कामासाठी खोदाई झाली. 9 जूनला पहिल्यांदा वास आला. चिटणीसांनी त्याच दिवशी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून टोकन क्रमांक घेतला. पुढचे काही दिवस त्यांनी एक साधी गोष्ट केली: पाणी यायच्या आधी आणि गेल्यावर मीटरचे रीडिंग लिहिले. मीटरचे एक युनिट म्हणजे 1000 लिटर. पूर्वी रोज दहाच्या आसपास युनिटे पडत, आता चार पडू लागली. शहरी पुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हा मापदंड धरला जातो. त्या हिशेबाने 72 जणांना 9,720 लिटर लागतात. चार युनिटांत माणशी जेमतेम 55 लिटर येते. ‘दाब कमी आहे’ म्हटले की वाद घालता येतो, मीटरच्या आकड्याशी घालणे अवघड जाते. मीटर नसेल तर टाकीआधीच्या नळाखाली 15 लिटरची बादली ठेवून ती भरायला किती मिनिटे लागतात, ते लिहावे.

पत्राचा साचा सरकारी पद्धतीचाच असावा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ची कितीही टिंगल होवो, विषयाखालचा ‘संदर्भ’ हा भाग फार कामाचा आहे. तारखांची जागा तीच:

विषय: नळजोड क्रमांक अमुक, दूषित व कमी दाबाचा पुरवठा.

संदर्भ: 1) दि. 9 जून, हेल्पलाइन तक्रार, टोकन क्र. अमुक. 2) दि. 13 जून, प्रभाग कार्यालयास अर्ज, आवक क्र. अमुक. 3) दि. 16 जून, दुपारी 2 वाजता कर्मचाऱ्यांची पाहणी. त्या वेळी पुरवठा बंद होता.

‘महोदय, दि. 9 जूनपासून पहाटे 5 ते 5.15 या वेळेत मीटरजवळच्या नळाला, म्हणजे जमिनीखालच्या टाकीच्या आधी, सांडपाण्याच्या वासाचे काळपट पाणी येते. त्यानंतर ते स्वच्छ होते. शेजारील दोन इमारतींतही असेच आहे. दि. 4 जून रोजी गल्लीत ड्रेनेजसाठी खोदाई झाली आहे. मीटरच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. पाण्याचा नमुना पुरवठा सुरू होताच पहिल्या दहा मिनिटांत, टाकीआधीच्या नळावरून घ्यावा, ही विनंती.’

यातला तिसरा संदर्भ आणि शेवटचे वाक्य नीट पाहावे. पाहणी झाली, पण ती चुकीच्या वेळी, हे तक्रारीचा सूर न लावता नोंदले गेले आहे. खोदाईचा उल्लेख आहे, ठेकेदारावर आरोप नाही. तारखा शेजारी ठेवल्या की अभियंत्याला खड्डा कुठे घ्यायचा ते कळते. नमुना टाकीतून घेतला, तर रात्रीच्या स्वच्छ पाण्यात घाण मिसळून पातळ झालेली असते आणि अहवाल ‘पिण्यास योग्य’ येण्याचा संभव वाढतो.

घरातल्या बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतून नेलेला नमुना जंतुतपासणीला चालत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते. पाण्यातल्या क्लोरीनने वाटेतच जंतू मरू नयेत म्हणून तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. नमुना थंड ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवावा लागतो. भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. जागेवरची झटपट परीक्षा म्हणजे ओटी टेस्ट. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे. तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. पहिल्या पाण्याला रंगच आला नाही आणि अर्ध्या तासानंतरच्या पाण्याला आला, तर वाटेत शिरलेल्या घाणीने क्लोरीन खाल्ला, असा अंदाज बांधता येतो. कर्मचारी ही तपासणी करीत असताना वेळ आणि निकाल लिहून ठेवावा.

पत्राची प्रत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी आणि इमारतीत कुणाला जुलाब किंवा कावीळ झाली असेल तर संख्या कळवावी, नावे नकोत. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही तपास यंत्रणांचे लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेले होते. अहवाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. नुसती तुरटी फिरवून गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

उत्तर आले नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हाताशी आहे. पाण्याचा दाब आणि गुणवत्ता यांविषयीच्या तक्रारी अनेक नगरपालिका-महापालिकांच्या अधिसूचित सेवांच्या यादीत आहेत. सेवेची मुदत आणि अपील कुणाकडे करायचे, हे कार्यालयातल्या फलकावर लावलेले असते. तिथे पोच दाखवावी लागते, म्हणून शिक्क्यावरची तारीख वाचता येते की नाही, हे खिडकी सोडण्याआधीच पाहावे. आणि ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला, तरी दुरुस्तीनंतरच्या पहाटेचा दुसरा नमुना घेतला जाईपर्यंत ती फाइल बंद करू नये.