‘हॅपी बर्थडे’तल्या तीन उड्या

दोन स्वर एकामागोमाग वाजले की त्यांच्यातलं अंतर किती, हे ओळखायला पाश्चात्त्य संगीतात ओळखीच्या चालींचा आधार घेतात. प्रत्येक अंतरासाठी एक वेगळं गाणं ठरवून ठेवायची पद्धत आहे. पण सुरुवातीला एकच गाणं पुरतं, आणि ते आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे.

पेटीवर पांढरी एक सा धरा आणि ‘हॅपी बर्थडे’ मंद्र पंचमापासून वाजवा. पहिल्या ओळीत ‘डे’वरून ‘टू’वर जाताना आवाज प वरून सा वर चढतो. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर हे अंतर पाचचं, म्हणजे फोर्थ. दुसऱ्या ओळीत त्याच ठिकाणी प वरून थेट रे येतो. इथे सात पट्ट्या, म्हणजे फिफ्थ. तिसऱ्या ओळीत ‘हॅपी’वरून ‘बर्थ’वर जाताना मंद्र प वरून मध्य प लागतो. हे पूर्ण सप्तक, बारा पट्ट्यांचं.

आता कुणाला तरी कुठल्याही पट्टीवरून या तिन्हींपैकी एक जोडी वाजवायला सांगा. ऐकल्याबरोबर उत्तर देऊ नका. दोन्ही स्वर आधी स्वतः गुणगुणा, मग खालचा स्वर ‘डे’ समजून पहिली ओळ मनात पुढे न्या. ती जुळली नाही तर दुसरी. तिसऱ्या ओळीसाठी मात्र खालचा स्वर ‘हॅपी’चा धरायचा. गुणगुणण्याची पायरी गाळली तर बहुतेकांचं उत्तर अंदाजावर जातं, कारण स्वर गळ्यात आला नसेल तर मनातली चाल भलत्याच पट्टीतून सुरू होते.

घोटाळा होतो तो फोर्थ आणि फिफ्थमध्ये, आणि त्याचं कारण या गाण्यातच आहे. इथला फोर्थ सा वर येऊन विसावतो, म्हणून वरचा स्वर मुक्कामाचा वाटतो. उद्या कुणी सा-म वाजवलं, तर अंतर तेच पाचचं, पण मुक्काम खालच्या स्वरावर. ‘हॅपी बर्थडे’ची सवय लागलेला कान तिथे अडखळतो. फिफ्थचं तर याहून अवघड. प-रे या जोडीत सा कुठेच नाही, त्यामुळे कानाला धरायला काही उरत नाही. म्हणून फिफ्थसाठी ‘ट्विंकल ट्विंकल’ची सुरुवात जास्त चांगली. तिथे सा वरून सरळ प येतो आणि खालचा स्वर पायासारखा जाणवतो. माझ्या मते प्रत्येक अंतराला अशा दोन चाली हव्यातच, एक सा पासून सुरू होणारी आणि एक सा वर संपणारी. तानपुऱ्याजवळ बसून षड्ज-पंचम भाव ऐकलेल्यांना हा फरक लवकर कळतो.

उतरत्या अंतरांसाठी हीच गाणी उलटी म्हणून चालत नाही, कारण चाल उलटी केली की ती ओळखीची राहत नाही. सप्तकाच्या उडीनंतर लगेच ‘बर्थ’वरून ‘डे’वर येताना प चा ग होतो. ती तीन पट्ट्यांची उतरण, मायनर थर्ड, तेवढी याच गाण्यातून पाठ करता येते.