गच्चीवरचा चोर रात्रीचा की दिवसाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीवर वांग्याची चौदा रोपं ट्रेमध्ये वर आली होती. एका सकाळी पाहिलं तर त्यातली नऊ मातीपासून बोटभर उंचीवर तिरकी तुटलेली. जणू कुणी कात्रीनं कापली असावीत. पानं तशीच खाली पडलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, खारच असणार, दिवसभर कठड्यावरून पळत असते. माझाही खारीवरच संशय होता.

त्या संध्याकाळी ट्रेभोवती रांगोळीचा पातळ थर चाळून टाकला आणि उजाडायच्या आत वर गेले. रांगोळीत छोट्या पावलांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्यामधून शेपूट घासत गेल्याची नागमोडी रेघ. खार रात्री झोपलेली असते, आणि तिची झुपकेदार शेपटी अशी रेघ सोडत नाही. आमच्याकडे येत होता तो उंदीर. बागेत कुठलाही उपाय करण्याआधी ही एक रात्र रांगोळीसाठी द्याच, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत.

गच्चीपर्यंत चढून येतो तो सडपातळ, लांब शेपटीचा काळा उंदीर. पाइप, केबल, वेल, भिंतीला टेकलेली फांदी, काहीही त्याला चालतं. पण तो रोपांसाठी म्हणून वर येत नाही. त्याला खेचून आणतं ते खाणं. कंपोस्टच्या बादलीतला उरलेला भात, कुंडीत वरवर टाकलेली शेंगदाण्याची पेंड, पक्ष्यांसाठी ठेवलेली आणि संध्याकाळी तशीच राहिलेली बाजरी. रोपं मग वाटेत सापडतात. आमच्याकडे कंपोस्टच्या ड्रमला खाली मोठी भोकं होती, तिथे जाळी बसवली. शिजवलेलं अन्न टाकणं बंद केलं. पेंड मातीत चार बोटं खोल मिसळायला लागलो. गच्चीवर झुकलेली आंब्याची फांदी सोसायटीला सांगून छाटून घेतली.

तरी रोपांना जाळी हवीच. इथे बहुतेकजण चुकतात. प्लॅस्टिकची किंवा नायलॉनची जाळी दोघंही कुरतडतात, आणि एक इंची षटकोनी चिकन जाळीतून उंदराची पिल्लं सहज आत जातात. अर्ध्या इंचाची चौकोनी, गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश घ्या. पंचेचाळीस बाय तीस सेंटिमीटरच्या ट्रेसाठी ९५ बाय ८० सेंटिमीटरचा तुकडा लागतो. चारही कोपऱ्यांतून २५ सेंटिमीटरचे चौकोन कापून टाका, बाजू दुमडा आणि कडा बाइंडिंग तारेनं बांधा. झाकण उघड्या पेढ्याच्या खोक्यासारखं तयार होतं. ते ट्रेवर पालथं घालून वर दोन विटा ठेवा, कारण उंदीर कड उचलून आत शिरतो. कापलेली टोकं आत वळवा, हात फाटतो. रोपं वीतभर होऊन खोड टणक झालं की झाकण काढता येतं.

पिंजरा लावायचा तर लगेच ताणू नका. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. तीन रात्री दार उघडं बांधून आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवा, भिंतीलगत. तो बिनधास्त खाऊन जायला लागला की चौथ्या रात्री पिंजरा ताणा.

खारीची गोष्ट वेगळी. ती भरदिवसा येते, झाडं आजूबाजूला आहेत तोवर येतच राहणार, आणि तिला हाकलून देऊन काही होत नाही. तिखटाचं पाणी एका सरीत धुऊन जातं. डांबरगोळ्या मात्र मुळीच नकोत, त्या विषारी असतात आणि आपण ज्या मातीत भाजी लावतो तिथे त्यांचं काम नाही. खारीशी स्पर्धा वेळेची असते. टोमॅटोच्या बुडाशी पहिली गुलाबी छटा दिसली की तोडा, तो घरात टोपलीत चार-सहा दिवसांत छान लाल होतो आणि चवीतही फारसा फरक पडत नाही. चिकूची साल नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा, पिवळसर दिसलं तर काढून तांदळात ठेवा. डाळिंब मात्र झाडावरच पिकावं लागतं, ते तोडल्यावर गोड होत नाही. म्हणून त्या मोजक्या फळांना त्याच वेल्डमेशच्या पिशव्या बांधा. कागदी पिशवी खार दुपारपर्यंत फाडते.

एक विनंती. गच्चीवर उंदराचं विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या, मांजराच्या तोंडी सापडतो. विष मग त्यांच्या पोटात जातं. आमच्या मागच्या इमारतीच्या वळचणीला गव्हाणी घुबडाची जोडी राहते, आणि रात्री उंदीर पकडण्यात त्यांच्याइतकं तरबेज दुसरं कोणी नाही.