पांढरे बूट धुतल्यावर पिवळे का पडतात?

शाळेचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट शनिवारी घासूनपुसून धुतले जातात, आणि रविवारी वाळल्यावर शिवणीच्या कडेनं, नाडीच्या भोकांभोवती पिवळट डाग उमटतात. मग ते झाकायला पांढरं पॉलिश फासलं जातं. खरं तर हा पिवळेपणा बहुतेक वेळा धुताना राहिलेल्या साबणाचा असतो. ओलं कापड वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि सोबत आणलेला साबण, घामातले क्षार नि मळ तिथंच ठेवून उडून जातं. म्हणून घासण्यापेक्षा खळबळण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

आधी वासाकडे बघू. ताज्या घामाला फारसा वास नसतो. पायावरचे जीवाणू घाम आणि मृत त्वचा खातात, तेव्हा तयार होणाऱ्या आम्लांचा तो आंबूस वास असतो. त्यांचं घर म्हणजे आतला सुकतळा. तो निघत असेल तर काढून वेगळा धुवा. चिकटवलेला असेल तर त्यावर चमचाभर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी झटकून टाका. सोड्यानं आम्लं मारली जातात, पण जीवाणू उरतातच. त्यामुळे बूट पूर्ण वाळले नाहीत तर वास परत येतो.

आता धुणं. नाड्या काढून कोरड्या ब्रशनं माती झाडा. कोमट पाण्यात थोडीच धुण्याची पावडर घालून मऊ ब्रशनं घासा. घामाचे डाग आतल्या बाजूनंही घासा. मग फेस अजिबात येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटच्या बादलीत दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घाला, म्हणजे उरलासुरला साबणाचा अंश निघतो. क्लोरीनचं ब्लीच मात्र नको: त्यानं घामाचे डाग उलट पिवळे पडतात आणि धागा कमजोर होतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

सोलसाठी खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी कालवून घट्ट लेप करा आणि जुन्या टूथब्रशनं कडा घासा. साधी पांढरी टूथपेस्टही चालते. मळ यानं निघतो. पण रबरच जुनं होऊन पिवळं पडलं असेल, तर फारसा फरक पडत नाही. ओल्या फडक्यानं पुसल्यावर फडकं स्वच्छ निघतं आणि सोल तरी पिवळाच दिसतो, तेव्हा हात थांबवावा.

वाळवताना बुटांवर पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा. पाणी कागदातून उडतं आणि पिवळे डाग कापडाऐवजी कागदावर उमटतात. आत साधा कोरा कागद कोंबा आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्राची शाई लागू शकते. कडक ऊन टाळून पंख्याखाली, वाऱ्याला ठेवा. पावसाळ्यात दोन दिवसही लागतील. सुकतळ्यावर बोट दाबून गार लागलं, तर बूट अजून ओला आहे असं समजावं.