तीन पानांवरून एकशेऐंशी पानांचा हिशेब

“ताई, पानाला किती घ्याल?” तक्ते टाइप करून देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि बहुतेक जण समोरचं पान बघून तिथल्या तिथे आकडा सांगून मोकळे होतात. तो आकडा चुकला की महिनाभराची मेहनत निम्म्या मोलाने जाते. अंदाज बांधायची रीतसर पद्धत आहे आणि ती अवघड नाही. एक काम हातात घेऊनच ती पाहू.

समजा, गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला आपली जुनी ग्रंथ दाखल नोंदवही एक्सेलमध्ये हवी आहे. हाताने लिहिलेली १८० पानं आहेत. प्रत्येक पानावर २५ ओळी आणि आठ रकाने: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत आणि शेरा. ग्रंथपालांनी मोबाइलवर तीन पानांचे फोटो पाठवले आहेत आणि दर विचारला आहे.

पहिली मेख या फोटोंतच आहे. देणारा माणूस सहसा जे पान नीट दिसतं त्याचाच फोटो काढतो. त्यात लबाडी नसते, पण त्यामुळे नमुना सोप्या पानांकडे झुकतो. म्हणून दर सांगण्याआधी पूर्ण वही एकदा चाळायला मागावी. निदान सगळ्या पानांचं स्कॅन तरी घ्यावं. चाळताना वाचत बसायचं नाही, फक्त पानांची प्रतवारी करायची. आपल्या वहीत ९५ पानं स्वच्छ अक्षरातली निघाली. ६० पानांवर नावं लांबलचक आहेत, लेखकासोबत संपादक आणि अनुवादकही आहेत. उरलेली २५ पानं सर्वांत जुनी, शाई उडालेली, खाडाखोड केलेली. आता या तीन प्रतींतलं एकेक पान आपण निवडायचं. ग्रंथपालांनी पाठवलेली तीन पानं पाहिली, तर ती तिन्ही पहिल्याच प्रतीतली निघतात.

जुन्या पानांवरची एक ओळ जवळून बघण्यासारखी आहे. प्रकाशकाच्या रकान्यात वरचंच नाव लागू असल्याची खूण आहे, दोन छोट्या रेघा. लिहिणाऱ्याचा वेळ तिने वाचवला, पण टाइप करणाऱ्याला तिथे पूर्ण नाव भरावंच लागतं. नाहीतर एक्सेलमध्ये प्रकाशकानुसार यादी लावली की त्या ओळी अनाथ होतात. पुढे किंमत आहे, २-८. म्हणजे दोन रुपये आठ आणे, आजच्या हिशेबाने अडीच रुपये. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्यामुळे त्याआधीच्या सगळ्या किमती अशाच आहेत. एक्सेलच्या साध्या रकान्यात `2-8` टाइप केलं की त्याची तारीख होऊन बसते. म्हणून तो रकाना आधीच Text करून घ्यावा लागतो. आणे तसेच ठेवायचे की पैशांत बदलायचे, हेही ग्रंथपालांकडून आधी ठरवून घ्यावं लागतं. अशा एका ओळीला साध्या ओळीच्या दुप्पट वेळ सहज जातो.

म्हणूनच टायपिंगच्या वेगावरून हिशेब करू नये. परीक्षेतला मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग सलग मजकुराचा असतो. तक्त्यात दर काही अक्षरांनंतर रकाना बदलतो, नजर वहीवर जाते, परत येते, आणि नावं मराठीत तर आकडे इंग्रजीत हवे असतील तर कीबोर्डही सारखा बदलावा लागतो. भरवसा घड्याळाचाच. प्रत्येक प्रतीतलं एक पूर्ण पान, सगळ्या २५ ओळी, वेळ लावून टाइप करा. चार-पाच ओळी करून पाचने गुणू नका. थकवा आणि अडखळणं पुढच्या ओळींतच येतं.

समजा, स्वच्छ पानाला २८ मिनिटं लागली, दाट पानाला ४२ आणि जुन्या पानाला ६५. आता तेच पान मूळ वहीशी ओळ न् ओळ ताडून बघा आणि त्याचाही वेळ लिहा: १०, १४ आणि २० मिनिटं. हा दुसरा आकडा लोक हमखास विसरतात. तो धरला की एका पानाचे एकूण ३८, ५६ आणि ८५ मिनिटं होतात.

९५, ६० आणि २५ पानांना हे आकडे लावले की बेरीज ९,०९५ मिनिटं येते, म्हणजे साधारण १५२ तास. त्यावर दहा टक्के शंका विचारण्यासाठी, फाइल नीट लावण्यासाठी आणि ग्रंथपालांनी सुचवलेल्या एका फेरीच्या दुरुस्त्यांसाठी धरा. एकूण १६७ तास झाले. पाठवलेल्या पहिल्या फोटोवरून नुसता टायपिंगचा वेळ धरला असता, तर १८० गुणिले २८ मिनिटं, म्हणजे ८४ तास आले असते. बरोबर निम्मे.

दिवसाला आठ तास काम होईल असं कोणाला सांगू नका. असं टायपिंग दिवसाला पाच तास झालं तरी पुष्कळ. त्या हिशेबाने ३४ दिवस लागतात. आठवड्याची सुट्टी आणि वीज जाणं धरून सात आठवड्यांची मुदत मागावी.

आता पैसे. शेजारच्या ऑफिसात असंच काम करणाऱ्याला महिना १८,००० मिळतात असं धरू. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे तासाला साधारण ८७ रुपये. पण घरी काम करणाऱ्याचा संगणक, वीज आणि इंटरनेट स्वतःचं असतं, पगारी रजा नसते, आणि दोन कामांच्या मधले दिवस रिकामे जातात. त्यापोटी चाळीसेक टक्के वाढवले की तासाला सुमारे १२० होतात. १६७ तासांचे २०,०४० रुपये. पगाराचा आकडा तुमच्या गावाप्रमाणे बदला, रीत तीच राहील. पानाला चाळीस रुपये सांगून टाकले असते, तर ७,२०० मिळाले असते, म्हणजे तासाला ४३.

ग्रंथपालांना मात्र तास सांगू नका, ते त्यांना पडताळता येत नाहीत. तीन दर सांगा: स्वच्छ पानाला ८४, दाट पानाला १२३, जुन्या पानाला १८७. कोणतं पान कोणत्या प्रतीत, याची यादी सोबत द्या. मग घासाघीस झालीच, तर ती पानांच्या प्रतीवर होते, तुमच्या कष्टाच्या मोलावर नाही. किंमत कमी करायची असेल, तर काम कमी करायचं. शेऱ्याचा रकाना वगळला तर किती, हे नमुन्याच्या पानावर पुन्हा वेळ लावून सांगता येतं.

अचूकतेची अट आली तर ती कशात मोजायची, हे लिहून घ्यावं. १८० पानांत ३६,००० घरं आहेत. ९९ टक्के घरं अचूक म्हणजे ३६० घरं चुकलेली चालतील, आणि वाचनालयाला ती कदाचित चालणार नाहीत. न वाचता येणारी अक्षरं ही चूक धरायची नाही, तिथे ठरलेली खूण टाकायची, हेही त्याच कागदावर हवं. काम देण्याआधीच अनामत किंवा नोंदणीचे पैसे मागणाऱ्याचं काम मात्र घेऊच नये. अशा नावाखाली फसवणुकीचे प्रकार पुष्कळ होतात.

काम सुरू झालं की पहिली २० पानं, तिन्ही प्रतींतली मिसळून, वेळ टिपत करा आणि लगेच सुपूर्द करा. त्या पानांचा प्रत्यक्ष वेळ अंदाजापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त निघाला, तर त्याच दिवशी ग्रंथपालांना आकडे दाखवून दर पुन्हा ठरवा. दीडशे पानं झाल्यावर वाढ मागितली तर ती अडवणूक वाटते. विसाव्या पानावर मात्र दोघांनाही माघार घ्यायची मोकळीक असते.